एक रेघ विरते, दुसरी ढग होते

हिवाळ्यात नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावरून वर पाहिलं, तर कधी एकाच वेळी दोन विमानं दिसतात. एकाच्या मागची पांढरी रेघ काही सेकंदांत पुसली जाते, तर दुसऱ्याची रेघ अर्धं आभाळ ओलांडूनही टिकून राहते. दोघांचं इंजिन आणि इंधन एकच असलं तरी हा फरक पडतो.

ती रेघ धुराची नसते. 1 किलो इंधन जळलं की साधारण सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. ही गरम, दमट वाफ बाहेरच्या अतिथंड हवेत मिसळते तेव्हा डिसेंबरच्या पहाटे आपल्या श्वासाचं जे होतं तेच होतं. काजळीच्या सूक्ष्म कणांवर पाण्याचे थेंब जमतात आणि लगेच गोठतात. मिसळून थंड व्हायला क्षणभर लागतो, म्हणून इंजिन आणि रेघ यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा दिसते.

इथपर्यंत दोन्ही विमानांची गोष्ट सारखीच आहे. पुढचं सगळं बाहेरच्या हवेवर ठरतं.

समजा, मुंबईहून कोलकात्याला जाणारं विमान 37,000 फुटांवर आहे आणि उलट दिशेचं 38,000 फुटांवर. दोन्हीकडे तापमान उणे 50 अंशांच्या आसपास आहे. या तापमानाला हवेची आर्द्रता साधारण 62 टक्के झाली, की बर्फाच्या दृष्टीने ती संपृक्त होते, कारण बर्फाला टिकायला पाण्याच्या थेंबापेक्षा कमी वाफ पुरते. खालच्या थरात आर्द्रता 50 टक्के असेल, तर तिथले स्फटिक थेट वाफ होऊन नाहीसे होतात. वर ती 70 टक्के असेल, तर स्फटिक हवेतलीच वाफ ओढून वाढत जातात. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते: पसरलेल्या रेघेतला बहुतेक बर्फ इंजिनाचा नसतोच. दमट पण निरभ्र हवेत ती वाफ आधीपासून असते, फक्त तिला गोठायला कण मिळालेले नसतात.

मग वारा रेघ ताणतो. रेघेच्या वरच्या आणि खालच्या कडेला वाऱ्याच्या वेगात, रेघेला आडव्या दिशेने, सेकंदाला 2 मीटरचा फरक असला, तरी तासाभरात ती सुमारे 7 किलोमीटर रुंद होते. 10 मिनिटांहून जास्त टिकलेल्या रेघेला जागतिक हवामान संघटनेच्या 2017 च्या मेघसंग्रहात ढगाचं नावही मिळालं आहे: सिरस होमोजेनिटस.

असे दमट थर बऱ्याचदा काहीशे मीटरच जाड असतात. दोन विमानांमधलं 1,000 फुटांचं, म्हणजे 300 मीटरचं अंतर म्हणूनच पुरेसं ठरतं. मार्ग थोडा वर-खाली केला तर ढग टाळता येतो, पण थर नेमका कुठे आहे हे आधी कळायला हवं. फुग्यांवरच्या उपकरणांनी आर्द्रता मोजली जाते खरी, पण इतक्या थंडीत ते मापन डळमळतं, आणि इथे थोड्याशा टक्क्यांनीही निकाल बदलतो.