परदेशी बँक खात्यात जमा होणारे निवृत्तिवेतन

एका देशात नोकरी करून मिळवलेले निवृत्तिवेतन (पेन्शन) दुसऱ्या देशातल्या बँक खात्यात, बहुतेक वेळा तिथल्या चलनात, नियमितपणे जमा करून घेण्याची व्यवस्था. मंजूर झालेली रक्कम आणि खात्यात पडलेली रक्कम यांत इथे जवळजवळ नेहमीच फरक असतो. त्याची कारणे तीन: वाटेतल्या बँकांनी कापलेले शुल्क, चलन बदलून देणाऱ्याने दरात ठेवलेला नफा आणि बाजारातल्या विनिमय दराची हालचाल. पहिली दोन कारणे माणसांच्या निर्णयांतून येतात, म्हणून ती बदलता येतात. तिसरे कोणाच्याच हातात नसते. पासबुकात मात्र तिन्ही मिळून एकच आकडा दिसतो, आणि पेन्शनधारक बहुधा सगळा दोष ‘रेट पडला’ या दोन शब्दांवर टाकून मोकळा होतो.

पैशाची वाट

पेन्शन देणारी संस्था आणि ती घेणारी बँक यांची एकमेकींकडे थेट खाती नसली, तर पैसा मध्यस्थ बँकेतून जातो. व्यवहारात तिला करस्पॉन्डंट बँक म्हणतात. बँकांना एकमेकींशी जोडणाऱ्या स्विफ्ट या जाळ्यातून प्रत्यक्ष पैसा जात नाही, जातो तो फक्त संदेश. पैसा बँकांच्या परस्परांकडच्या खात्यांतून वळता होतो, आणि अशा प्रत्येक थांब्यावर शुल्क कापले जाऊ शकते. ते कोणी सोसायचे हे संदेशातल्या तीन अक्षरांवर ठरते. OUR असेल तर सगळा खर्च पाठवणारा भरतो. SHA असेल तर पाठवणारा फक्त आपल्या बँकेचा खर्च भरतो आणि पुढचा रकमेतून वजा होतो. BEN असेल तर सगळाच भार घेणाऱ्यावर पडतो. नव्या पद्धतीच्या संदेशांत याच अर्थाने DEBT, SHAR आणि CRED हे संकेत येतात. पेन्शन संस्थेने SHA निवडलेले असेल, तर ‘आम्ही पूर्ण रक्कम पाठवली’ हे तिचे म्हणणे खरे असते आणि ‘मला कमी मिळाली’ हे पेन्शनधारकाचे म्हणणेही खरेच असते.

युरोपातल्या सेपा या सामायिक युरो-व्यवहार क्षेत्रात युरोतून युरोत जाणारे पैसे याला अपवाद आहेत. तिथे मध्यस्थाला रकमेला हात लावता येत नाही, आणि युरोपीय संघात सीमेपलीकडच्या युरो व्यवहाराला देशांतर्गत व्यवहारापेक्षा जास्त आकार लावता येत नाही.

रूपांतर कोण करतो

सर्वांत मोठी गळती बहुधा शुल्कात नसून दरात असते. बाजारात खरेदी आणि विक्रीच्या भावांच्या मधोमध जो दर येतो त्याला मध्यदर म्हणतात. बातम्यांत किंवा फोनवर दिसतो तो बहुतेक हाच. बँक ग्राहकाला या दराने चलन देत नाही. ती त्यात आपला नफा ठेवून वेगळा दर लावते, आणि हा नफा पावतीवर ‘शुल्क’ म्हणून क्वचितच दिसतो. त्यामुळे ‘आम्ही रूपांतराचे शुल्क घेत नाही’ ही जाहिरात शब्दशः खरी असूनही ग्राहकाला काहीच स्वस्त पडलेले नसते.

रूपांतर तीन ठिकाणी होऊ शकते: पेन्शन देणाऱ्याच्या बाजूला, वाटेत, किंवा घेणाऱ्या बँकेत. मोठी पेन्शन संस्था हजारो जणांचे पैसे एकत्र बदलते, त्यामुळे तिला मिळणारा दर एकट्या ग्राहकाच्या दरापेक्षा सहसा बरा असतो. ब्रिटनची सरकारी पेन्शन परदेशी खात्यात पाठवताना तिथल्या स्थानिक चलनातच दिली जाते, म्हणजे रूपांतर आधीच झालेले असते. खासगी पेन्शन फंड मात्र पुष्कळदा मूळ चलनच पाठवतात, आणि मग दर घेणाऱ्या बँकेचा लागतो.

याच ठिकाणी एक महाग चूक होते. समजा, पेन्शनधारकाने युरो वापरणाऱ्या देशात मुद्दाम पौंडांचे खाते उघडले. पाठवणाऱ्याने देश पाहून पौंडांचे युरो केले. घेणाऱ्या बँकेने खाते पौंडांचे म्हणून त्या युरोंचे पुन्हा पौंड केले. पाठवले पौंड, मिळाले पौंड, आणि मध्ये दोनदा नफा कापला गेला. मूळ आणि जमा रकमेचे चलन एकच असून फरक दोन-चार टक्क्यांचा दिसला, तर हेच झाले असण्याची शक्यता मोठी. नाव किंवा खाते क्रमांक चुकल्यामुळे पैसे परत गेले, तरी असाच दुहेरी फटका बसतो, कारण परतीचे रूपांतर त्या दिवसाच्या दराने होते.

एक उदाहरण

पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, पण त्यांची घडण नेहमी दिसते तशीच आहे. दर ४ आठवड्यांनी ८०० पौंड SHA पद्धतीने निघतात. मध्यदर १ पौंडाला १.१७०० युरो आहे, म्हणजे पूर्ण किंमत ९३६ युरो. मध्यस्थ बँक ८ पौंड कापते आणि ७९२ पौंड पुढे जातात. घेणारी बँक १.१४०८ चा दर लावते, त्याचे ९०३.५१ युरो होतात. त्यातून ती परदेशी रक्कम जमा करण्याचे १० युरो घेते. खात्यात पडतात ८९३.५१ युरो. एकूण घट ४२.४९ युरो, म्हणजे साधारण साडेचार टक्के. यात दिसणारे शुल्क दोन मिळून १९.३६ युरो. उरलेले २३.१३ युरो दरात लपलेले.

हीच पेन्शन दर १३ आठवड्यांनी २,६०० पौंड अशी घेतली तर? मध्यस्थाचे ८ पौंड तेवढेच, जमा करण्याचे १० युरोही तेवढेच. खात्यात २,९४६.९५ युरो येतात आणि घट ९५.०५ युरो, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्याही आत. वर्षाला १०,४०० पौंडच येतात, पण पहिल्या पद्धतीत सुमारे ५५२ युरो जातात आणि दुसऱ्या पद्धतीत सुमारे ३८०. स्थिर शुल्क १३ वेळांऐवजी ४ वेळाच पडले, एवढाच फरक. दरातला नफा जवळपास होता तेवढाच राहिला, कारण तो रकमेच्या प्रमाणात चालतो. ब्रिटनच्या सरकारी पेन्शनला परदेशात ४ किंवा १३ आठवडे हीच निवड असते, पण सगळ्या संस्था अशी सवलत देत नाहीत.

बँकेला न विचारता तिचा दर काढणे

बँक तपशील देत नसेल तरी वेगवेगळ्या रकमांच्या दोन जमा नोंदी पुरतात. थकबाकी मिळाली की अशी जोडी आपोआप हाती येते. वरच्याच आकड्यांत पाठवलेल्या रकमांचा फरक १,८०० पौंड आणि जमा रकमांचा फरक २,०५३.४४ युरो आहे. भागाकार १.१४०८ येतो, आणि हाच बँकेचा खरा दर. स्थिर शुल्क दोन्ही वेळा सारखेच असल्यामुळे वजाबाकीत ते उडून जाते. आता ८०० ला १.१४०८ ने गुणले की ९१२.६४ येतात. त्यातून ८९३.५१ वजा केले की १९.१३ युरो उरतात, हे स्थिर शुल्काचे ओझे. (आधीच्या १९.३६ पेक्षा ते थोडे कमी दिसते, कारण मध्यस्थाचे ८ पौंड इथे बँकेच्या दराने मोजले गेले.)

ही युक्ती दोन्ही दिवशी मध्यदर जवळपास सारखा असेल तरच चालते. तो बदलला असेल तर प्रत्येक वेळी पाठवलेली रक्कम आधी त्या दिवसाच्या मध्यदराने युरोत मांडावी आणि मग तुलना करावी. युरोसाठी युरोपीय मध्यवर्ती बँक कामकाजाच्या दिवशी संदर्भदर जाहीर करते, तो या कामाला पुरेसा आहे. मात्र तुलना रूपांतराच्या तारखेच्या दराशी करायची असते. जमा दिसलेली तारीख एक-दोन दिवस पुढची असू शकते. तेवढ्या अंतरानेही हिशेब चुकतो आणि बँकेवर नाहक संशय येतो.

दराची हालचाल

मोठ्या हालचालीपुढे शुल्काचा हिशेब किरकोळ ठरतो. ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा का यावरच्या २३ जून २०१६ च्या सार्वमताच्या दिवशी १ पौंडाला सुमारे १.३० युरो मिळत होते. ऑक्टोबरमध्ये तोच दर १.११ च्या आसपास आला. ८०० पौंडांचे मध्यदराने १,०४० ऐवजी ८८८ युरो झाले, म्हणजे स्पेन किंवा फ्रान्समध्ये राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनधारकाची दर खेपेला दीडशे युरोंची घट. पेन्शनच्या आदेशात एका पेनीचाही बदल नव्हता. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने १ युरोला किमान १.२० फ्रँकची मर्यादा अचानक सोडली, आणि काही दिवस युरो व फ्रँक जवळजवळ बरोबरीला आले. स्वित्झर्लंडमध्ये राहून युरोची पेन्शन घेणाऱ्याचे उत्पन्न त्या आठवड्यात साधारण सहाव्या हिश्शाने घटले.

पेन्शनमधली वार्षिक वाढ ही घट भरून काढण्यासाठी नसते. जिथे वाढ मिळते तिथे ती देणाऱ्या देशातली महागाई किंवा वेतन पाहून ठरते, राहत्या देशातला बाजारभाव पाहून नव्हे. काहींना तर वाढच मिळत नाही: ब्रिटनची सरकारी पेन्शन कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांसाठी ते तिथे गेले त्या वेळच्या रकमेवर गोठलेली राहते.

इथे १३ आठवड्यांच्या हप्त्याची दुसरी बाजू दिसते. वर्षातून १३ वेळा रूपांतर झाले की चांगले-वाईट दर एकमेकांत मिसळून सरासरी निघते. ४ च वेळा झाले की एखादा वाईट दिवस अख्ख्या तिमाहीचे पैसे खाऊ शकतो. अर्थात तो दिवस चांगलाही निघू शकतो, त्यामुळे अनेक वर्षांच्या सरासरीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो भाडे आणि औषधे त्याच पैशांतून भागवणाऱ्याला. ज्याच्याकडे तीन महिन्यांचा खर्च शिल्लक आहे, त्याने शुल्क वाचवावे. ज्याच्याकडे नाही, त्याला लहान हप्ताच झेपतो, आणि म्हणूनच कमी पैसेवाल्याला ही व्यवस्था जास्त महाग पडते.

मूळ चलनातले खाते ठेवून सोयीच्या वेळी थोडे थोडे पैसे बदलणे हा मधला मार्ग. त्यात दर आणि वेळ दोन्ही आपल्या हातात राहतात. पण ‘रेट वाढेल’ म्हणून महिनोन्‌महिने थांबणे म्हणजे पेन्शनवर सट्टा खेळणे. पुढच्या काही महिन्यांचा दर आजच बांधून घेणारे वायदा करारही मिळतात. ते घेताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते: पेन्शन माणसाबरोबर थांबते, करार थांबत नाही. पेन्शनधारक मध्येच वारला, किंवा हयातीचा दाखला वेळेवर न पोचल्याने पेन्शन अडकली, तरी ठरलेल्या दिवशी ठरलेले चलन द्यावेच लागते. ते देता आले नाही तर करार मोडताना होणारा तोटा त्याच्याकडून किंवा त्याच्या मालमत्तेतून वसूल होतो.