प्रश्न तोच, क्रम उलटा

१९४८ साली, शीतयुद्ध नुकतंच तापू लागलं होतं तेव्हा, अमेरिकेत एका जनमत पाहणीत लोकांना दोन प्रश्न विचारले गेले. एक असा: परदेशांतल्या कम्युनिस्ट वार्ताहरांना अमेरिकेत येऊन, त्यांना जसं दिसेल तसं आपापल्या वृत्तपत्रांना कळवू द्यावं का? दुसरा त्याचाच उलटा: रशियासारख्या कम्युनिस्ट देशाने अमेरिकी वार्ताहरांना तिथे येऊन, त्यांना जसं दिसेल तसं कळवू द्यावं का?

हर्बर्ट हायमन आणि पॉल शीट्सली या दोन संशोधकांनी हे प्रश्न सगळ्यांना एकाच क्रमाने विचारले नाहीत. निम्म्या लोकांना आधी कम्युनिस्ट वार्ताहरांबद्दल विचारलं, निम्म्यांना आधी अमेरिकी वार्ताहरांबद्दल. शब्द तेच होते, फक्त क्रम उलटा.

कम्युनिस्ट वार्ताहरांचा प्रश्न पहिला आला तेव्हा सुमारे ३६ टक्के लोक ‘हो, येऊ द्यावं’ म्हणाले. तोच प्रश्न अमेरिकी वार्ताहरांच्या प्रश्नानंतर आला तेव्हा ‘हो’ म्हणणारे ७३ टक्के झाले. म्हणजे दुपटीहून जास्त. दुसऱ्या बाजूलाही तसंच घडलं. अमेरिकी वार्ताहरांना रशियात जाऊ द्यावं, असं म्हणणारे तो प्रश्न पहिला असताना ९० टक्के होते, दुसरा असताना ६६.

असं का व्हावं? नुसतं ‘कम्युनिस्टांना आत घ्यायचं का’ असं विचारलं, की माणूस कम्युनिस्टांबद्दल आपल्याला काय वाटतं त्यावरून उत्तर देतो. पण ‘आमच्या वार्ताहरांना तिकडे जाऊ द्यायलाच हवं’ असं एकदा म्हणून बसल्यावर पुढच्या मिनिटाला ‘त्यांच्यांना मात्र इथे नको’ म्हणणं जड जातं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे मनात असलं तरी पाहणी करणाऱ्यासमोर सलग दोन वाक्यांत बोलून दाखवणं अवघड. उलट क्रमात हाच न्याय आपल्या अंगाशी येतो: कम्युनिस्टांना आधीच नाही म्हटलेलं असतं, मग त्यांनी आपल्या लोकांना घ्यावं हा हट्ट कुठल्या तोंडाने धरायचा?

आता या आकड्यांकडे थोडं वेगळ्या बाजूने बघू. पहिल्या जागेवर आलेला प्रश्न दुसऱ्या प्रश्नाच्या सावलीत नसतो. म्हणून दोन्ही गटांतली फक्त पहिली उत्तरं घेतली, तर ९० विरुद्ध ३६, म्हणजे ५४ टक्क्यांचं अंतर दिसतं. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ यांच्यात लोक इतका भेद करत होते. पण एकाच गटातली दोन उत्तरं शेजारी ठेवली, तर हे अंतर एका क्रमात ३० टक्के भरतं (६६ उणे ३६) आणि दुसऱ्यात १७ टक्के (९० उणे ७३). एकच क्रम वापरणारी पाहणी छापली असती, तर वाचकाला त्या ५४ टक्क्यांचा पत्ताही लागला नसता.

ही युक्ती कागदावर सोपी आहे. ती बिघडते ते वाटणीत. अर्धे लोक म्हणजे कोणते अर्धे? मुंबईकरांना एक प्रश्नावली आणि नागपूरकरांना दुसरी दिली, तर उत्तरांतला फरक क्रमाचा की गावाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. सकाळच्या फोनना ‘अ’ प्रत आणि संध्याकाळच्या फोनना ‘आ’ प्रत असं केलं, तर संध्याकाळच्या गटात नोकरदार जास्त येतात. पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं, तर तो घाईत असलेल्या माणसाला नकळत जी प्रत सोपी वाटते ती देतो. म्हणून कोणाला कोणती प्रत हे नाणेफेकीसारख्या निव्वळ योगायोगाने ठरायला हवं, तेही प्रत्येक माणसासाठी वेगळं. हल्ली फोनवरच्या आणि ऑनलाइन पाहण्यांत हे काम संगणक करतो, आणि कोणाला कोणती प्रत मिळाली याची नोंद उत्तरांसोबतच ठेवतो. ही नोंद राहिली नाही, तर सगळी मेहनत वाया. ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रश्नांचा क्रम आपोआप बदलण्याची सोय असते, पण कोणाला कोणता क्रम दिसला हे उत्तरांच्या तक्त्यात आलं नाही, तर तुलना कशाची कशाशी करणार? त्यापेक्षा दोन वेगळे फॉर्म बरे.

वाटणी नीट झाली की नाही हे तपासता येतं, आणि तपासायलाच हवं. दोन्ही गटांतलं वय, शिक्षण, स्त्री-पुरुषांचं प्रमाण ताडून बघायचं हे तर झालंच. मला त्याहून आवडणारी तपासणी अशी: ज्या दोन प्रश्नांचा क्रम उलटा करायचा, त्यांच्या आधी एक प्रश्न दोन्ही प्रतींत अगदी त्याच जागी ठेवायचा. तिथपर्यंत दोन्ही गटांनी हुबेहूब तेच ऐकलेलं आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या उत्तरांत योगायोगापलीकडे फरक पडण्याचं कारणच नाही. तरीही मोठा फरक दिसला, तर गडबड क्रमात नाही, वाटणीत आहे असं समजावं आणि पुढचे आकडे बाजूला ठेवावेत.

योगायोगापलीकडे म्हणजे किती, हेही बघायला हवं. समजा १,००० माणसं आहेत, ५००-५०० ची वाटणी केली आणि मतं जवळपास निम्मी-निम्मी विभागलेली आहेत. क्रमाचा काडीचाही परिणाम नसला तरी दोन गटांचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. अशा वाटण्या पुन्हा पुन्हा केल्या, तर २० पैकी साधारण १९ वेळा फरक ६ टक्क्यांच्या आत राहील. आकडेमोडीचं सूत्र नको असेल, तर हेच संगणकाकडून करूनही बघता येतं: कोणाला कोणती प्रत मिळाली ते विसरून सगळी उत्तरं पिसायची, हजारदा नव्याने दोन ढीग करायचे, आणि आपल्याला मिळालेल्या फरकाएवढा फरक नुसत्या पिसण्याने किती वेळा येतो ते मोजायचं. ३७ टक्क्यांचा फरक एवढ्या मोठ्या गटांत असा येत नाही. पण ४ टक्क्यांचा सर्रास येतो.

इथे बरेच जण घसरतात. ५००-५०० च्या गटांत ४ टक्क्यांचा फरक दिसला, तो योगायोगाच्या मर्यादेत बसला, आणि अहवालात वाक्य आलं: ‘क्रमाचा परिणाम नाही.’ खरं तर एवढ्या लोकांत ४ टक्क्यांचा परिणाम असला तरी तो पकडणं कठीण होतं. ही मर्यादा ६ वरून ३ टक्क्यांवर आणायची, तर माणसं दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात: प्रत्येक गटात २,०००.

दुसरी अडचण अशी की वीस प्रश्नांच्या प्रश्नावलीत क्रम किती प्रकारे लावता येतील याला अंत नाही. सगळे तपासत बसायचं नसतं. जिथे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यासाठी फूटपट्टी होईल असा संशय आहे, अशा एक-दोन जोड्या निवडायच्या. काही जण म्हणतात, प्रत्येकाला यादृच्छिक क्रमच द्या की, झगडा मिटला. झगडा मिटत नाही, फक्त दिसेनासा होतो. १९४८ च्या पाहणीत दोन्ही क्रमांची सरसकट सरासरी काढली असती, तर कम्युनिस्ट वार्ताहरांच्या बाजूने साधारण ५५ टक्के आले असते. हा आकडा कोणाच्या मताचा? एका गटात ३६ आणि दुसऱ्यात ७३ आहेत, ५५ कुठेच नाहीत.

मग खरा आकडा कोणता, ३६ की ७३? वाटणी याचं उत्तर देत नाही, आणि देऊ शकणारही नाही. क्रमामुळे किती फरक पडला एवढंच ती सांगते. माझ्या मते दोन्ही आकडे खरे आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून. पहिला लोकांचा कम्युनिस्टांबद्दलचा आकस मोजतो. दुसरा, परतफेडीचा न्याय डोळ्यांसमोर ठेवला तर तो आकस किती टिकतो हे मोजतो.

याचा खरा फटका बसतो तो वर्षानुवर्षांची तुलना करताना. १९८० मध्ये हॉवर्ड शूमन आणि स्टॅन्ली प्रेसर यांनी हाच प्रयोग पुन्हा केला, पुन्हा यादृच्छिक अर्ध्या-अर्ध्या गटांवर. कम्युनिस्ट वार्ताहरांचा प्रश्न पहिला असताना आता सुमारे ५५ टक्के ‘हो’ म्हणाले, दुसरा असताना ७५ टक्के. म्हणजे क्रमाचा परिणाम ३२ वर्षांनीही जिवंत होता, पण ३७ टक्क्यांवरून २० वर आला होता. आता कल्पना करा की दोन्ही वर्षी एकच क्रम वापरला गेला असता. कम्युनिस्टांचा प्रश्न आधी विचारणाऱ्याला ३६ चे ५५ झालेले दिसले असते आणि त्याने लिहिलं असतं की अमेरिकी लोक बरेच निवळले. अमेरिकी वार्ताहरांचा प्रश्न आधी विचारणाऱ्याला ७३ चे ७५ दिसले असते आणि त्याने लिहिलं असतं की काहीच बदललं नाही. दोघांनीही शब्द काटेकोर तेच ठेवले असते, क्रमही तोच ठेवला असता, आणि तरी निष्कर्ष वेगळे निघाले असते. बदलला होता तो आकस. न्यायाची जाणीव जवळजवळ होती तिथेच होती, आणि हे दोन्ही क्रम शेजारी ठेवल्याशिवाय कळलं नसतं.

अलीकडचं उदाहरण गॅलप या संस्थेचं आहे. २००८ पासून ती रोज सुमारे १,००० अमेरिकी लोकांना, ० ते १० पायऱ्यांच्या शिडीवर तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात, असं विचारत होती: १० म्हणजे आपल्याला शक्य असलेलं उत्तमात उत्तम आयुष्य, ० म्हणजे वाईटात वाईट. त्याच वर्षी आर्थिक मंदी आली, त्यामुळे या आकड्यांकडे सगळ्यांचं लक्ष होतं. मात्र शिडीच्या आधी राजकारणाचे प्रश्न येत होते, त्यात देश योग्य दिशेने चालला आहे असं वाटतं का, अशा धाटणीचाही. २००९ च्या सुरुवातीला काही काळ गॅलपने लोकांची यादृच्छिक वाटणी केली: निम्म्यांना राजकारणाचे प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी (यांना पुढे २०१५ चं नोबेल मिळालं) हे आकडे तपासले तेव्हा राजकारणाचे प्रश्न ऐकलेला गट शिडीवर सुमारे ०.६ पायरी खाली निघाला. मंदीचा अगदी वाईट काळ धरला, तरी तिच्यामुळे पडलेला फरक याच्यापुढे लहान होता.

गॅलपने मग राजकारणाचे प्रश्न कमी केले आणि शिडीच्या आधी मध्येच एक प्रश्न घातला: आता स्वतःच्या खाजगी आयुष्याचा विचार करा, त्याबद्दल आज समाधानी आहात का? देशाचा विषय तिथे संपतो, माणूस स्वतःच्या घरात येतो, आणि आधीच्या प्रश्नांचा परिणाम बराचसा ओसरला. २००८ च्या आकड्यांना मात्र हा इलाज लागू पडत नाही. त्या वर्षी अशी वाटणी केलेली नव्हती. त्यामुळे मंदी सुरू होताना अमेरिकी माणूस शिडीवर किती घसरला आणि २००९ मध्ये किती सावरला, हे मोजायचं असेल, तर २००९ च्या दोन गटांतला फरक आदल्या वर्षीही तेवढाच असणार असं धरून हिशोब करावा लागतो.