यंत्राने दिलेले सहा आणि परीक्षकाने दिलेले सहा

अमेरिकेत एमएससाठी जाणारी आपल्याकडची असंख्य मुलं जीआरई देतात. त्यातल्या निबंधाला सहापैकी गुण मिळतात. निबंध एक प्रशिक्षित परीक्षक वाचतो आणि ई-रेटर नावाची संगणकप्रणालीही तो तपासते. दोघांचे गुण जवळपास जुळले तर त्यांची सरासरी धरतात. फार फरक पडला तर निबंध दुसऱ्या परीक्षकाकडे जातो आणि मग दोन माणसांच्या गुणांचीच सरासरी निघते. गुण दोघांचेही एकाच पट्टीवरचे असल्यामुळे यंत्रानेही निबंध वाचला, असं सहज वाटतं. प्रत्यक्षात ते वाचत नाही, मोजतं.

ही कल्पना अमेरिकी शिक्षणसंशोधक एलिस पेज यांची, 1966 सालची. चांगल्या लेखनातली सफाई किंवा विचारांची खोली संगणकाला दिसत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या वैशिष्ट्यांच्या सोबतीने सहसा जे आढळतं, तेच मोजायचं असं त्यांनी ठरवलं: निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविराम. माणसांनी आधी तपासलेले निबंध घेऊन कोणत्या मोजमापाला किती वजन दिलं की त्यांच्यासारखेच गुण येतात, हे गणिताने काढायचं.

ई-रेटर त्याहून बरंच पुढे गेलं आहे. व्याकरणाच्या आणि शुद्धलेखनाच्या चुका, शब्दांची पुनरुक्ती, विषयाला धरून असलेला शब्दसंग्रह, कमी वापरातले शब्द हे सगळं ते पाहतं. पण 2006 साली त्याच्या निर्मात्यांनीच प्रसिद्ध केलेल्या रचनेतले दोन निकष नीट बघण्यासारखे आहेत. 'मांडणी' म्हणजे निबंधात प्रस्तावना, मुद्दे, समारोप असे किती घटक सापडले त्यांची संख्या. 'विस्तार' म्हणजे त्या घटकांची सरासरी लांबी. आता हिशेब करा. एका मुलीने चार घटक लिहिले, प्रत्येकी साधारण 65 शब्दांचे. दुसरीने सात लिहिले, प्रत्येकी 70 शब्दांचे. संख्या गुणिले सरासरी लांबी म्हणजे 260 आणि 490, अर्थात निबंधाची शब्दसंख्या. नावं मांडणी आणि विस्तार अशी भारदस्त असली, तरी दोन्ही मिळून मुख्यतः लांबीच मोजली जाते.

हे सरसकट चूक आहे असं मी म्हणणार नाही. अर्ध्या तासात ज्याचा हात भाषेवर बसलेला असतो, तो खरंच जास्त लिहितो, त्यामुळे लांबी आणि दर्जा बऱ्याचदा बरोबर जातात. घोटाळा होतो तो लिहिणाऱ्याला हे कळल्यावर. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ई-रेटरला चकवून दाखवा, असं आव्हान तज्ज्ञांना दिलं होतं. एका प्राध्यापकांनी काही परिच्छेद लिहिले आणि तेच 37 वेळा चिकटवले. यंत्राने सहापैकी सहा दिले! पुनरुक्तीची अशी पळवाट पुढे बुजवता येते. अर्थशून्यतेची बुजवणं फार अवघड. 2014 मध्ये एमआयटीचे लेस पेरेलमन आणि काही विद्यार्थ्यांनी 'बेबल' नावाचा प्रोग्रॅम बनवला. त्याला दोन-तीन शब्द दिले की तो व्याकरणशुद्ध, जडजंबाल शब्दांनी भरलेला, पण काहीही अर्थ नसलेला निबंध तयार करतो. खासगीपणावरच्या अशा एका निबंधाला एका प्रणालीने 6 पैकी 5.4 दिले. माणसाला दुसऱ्या वाक्यालाच शंका आली असती. वाक्यातली सनावळी चुकीची असली तरी अशा प्रणालीला फरक पडत नाही, कारण विधान खरं की खोटं हा प्रश्न तिच्या मोजमापात नसतोच.

माणसाच्या बाजूचं चित्रही देखणं नाही. 1961 च्या एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात 300 निबंध 53 जणांना नऊ श्रेणींमध्ये लावायला दिले. एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत. कोणी विचार पाहत होता, कोणी शुद्धलेखन, कोणी शैली. निकष ठरवून, नमुने दाखवून परीक्षकांना तयार केलं की हा गोंधळ कमी होतो, पण थकवा राहतो आणि आधीच्या निबंधाची छाया पुढच्यावर पडतेच. यंत्र पहिल्या आणि दहा हजाराव्या निबंधाला एकच पट्टी लावतं. हा त्याचा खरा फायदा आहे आणि तो लहान नाही.

म्हणून माणसाच्या गुणांची फेरतपासणी करायला यंत्र ठेवणं मला पटतं. थोडक्यात नेमकं लिहिणाऱ्याला यंत्राने चार आणि परीक्षकाने सहा दिले, तर दुसरा माणूस मध्ये येतो. पण सरावाच्या अनेक साधनांवर फक्त यंत्र असतं. तिथे गुण मिळाल्यावर एक करून बघा: त्याच निबंधातली उदाहरणं मुद्दाम खोटी करा, मधल्या दोन परिच्छेदांची अदलाबदल करा आणि पुन्हा तपासायला द्या. गुण तेवढेच राहिले, तर ते तुमच्या भाषेचे आणि लांबीचे होते. युक्तिवाद अजून कोणी तपासलेला नाही, तो शिक्षकाला किंवा नीट वाचणाऱ्या मैत्रिणीला दाखवा.