अपन्हुती वेगळी, ‘नव्हे’ची कविता वेगळी

कवितेत दोन-तीन ओळींत ‘नव्हे’ आलं की सूत्रसंचालक लगेच अपन्हुतीचं नाव घेतो. तालुक्याच्या कविसंमेलनात हे चालतं, शाळेच्या वार्षिकांकात चालतं, आणि कविता लिहिणाऱ्या पोरांनाही मग तेच खरं वाटू लागतं. खरं म्हणजे या दोन उलट्या दिशांनी चालणाऱ्या गोष्टी आहेत. एकीचे नियम दुसरीला लावले की चांगली जमत आलेली कविता शेवटच्या ओळीत बिघडते.

अपन्हुती सगळ्यांनी शाळेत केलेली आहे, त्यामुळे तिच्यावर फार थांबत नाही. उपमेय नाकारायचं आणि त्याच्या जागी उपमान बसवायचं. व्याकरणाच्या पुस्तकात डोळे नाकारून कमळाच्या पाकळ्या आणतात. आपल्याकडचं उदाहरण हवं तर, ‘हा कापूस नव्हे, धुऱ्यापर्यंत सांडलेलं चांदणंच हे.’ अलंकार झाला, पूर्ण झाला.

नकारातून माणूस किंवा भावना उभी करणारी कविता वरून अशीच दिसते, पण तिच्यात नकाराचं काम वेगळं असतं. ते ओळखायला एक सोपी कसोटी आहे: ओळीतलं ‘नव्हे’ काढा, तिथे ‘आहे’ ठेवा आणि वाक्य वाचा.

वरच्या ओळीचं होतं, ‘हा कापूस आहे.’ हे सरळ खरं आहे. अपन्हुतीत कवी खरी गोष्ट नाकारतो, आणि तो खोटं बोलतोय हे वाचकालाही ठाऊक असतं. त्या लटक्या नकारातच मौज असते. आता ही ओळ घ्या: ‘हा राग नव्हे, पैसे मोजून मिळाले.’ इथे ‘नव्हे’ बदललं की ‘हा राग आहे’ असं होतं. हे खोटं आहे, पण पटण्यासारखं खोटं आहे. ऐकणाऱ्याच्या मनात तोच संशय आलेला असतो. कवी तो खरोखर खोडतो, लटका नाही. तिसराही एक प्रकार निघतो: ‘हा समुद्र नव्हे.’ बदलून पाहा, ‘हा समुद्र आहे.’ यवतमाळच्या कोरडवाहू गावातल्या माणसाच्या मनाला कोणी समुद्र म्हणेल असं कोणाच्या डोक्यात आलं होतं? कोणाच्याच नाही. मग नाकारलं काय? ती नुसती भरीची ओळ आहे, आणि नवोदितांच्या कवितेत निम्म्या ओळी अशाच निघतात. समुद्र नव्हे, वणवा नव्हे, मोगरा नव्हे. यादी कितीही लांबवता येते, हाच तिचा दोष. संशयच नसेल तर नकाराला धरायला काही नसतं.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. सालदाराचं साल पाडव्याला संपतं. हिशोब होतो, पटलं तर पुढचं साल ठरतं, नाहीतर माणूस दुसरं घर धरतो. असा एक सालदार स्वतःहून काम सोडून निघालाय, आणि निघताना त्याला काहीतरी वाटतंय. त्या वाटण्याला तयार नाव नाही, म्हणून नकाराची वाट घ्यायची. आधी कागदावर ऐकणाऱ्याचे संशय लिहून काढा, कवीच्या उपमा नव्हे. ‘मालकानं बुडवलं असेल’, ‘काढून टाकलं असेल, वाईट वाटत असेल’, ‘बैलांवर हक्क वाटू लागला असेल’. तीन संशय मिळाले. मग ओळी:

पाडव्याला साल संपलं.
हा राग नव्हे, पैसे मोजून मिळाले.
हे दुःख नव्हे, सोडतो म्हणालो ते मीच.
हा हक्कही नव्हे, बैल त्यांचेच.
वळता वळता हात दाव्याकडे गेला;
सोडायला नव्हे.

प्रत्येक नकाराला जोडून त्याचं कारण आलंय, तेही पाडव्याच्या दिवशी डोळ्यांना दिसलेलं. ‘पैसे मोजून मिळाले’ या तीन शब्दांनी राग तर खोडलाच, शिवाय मालक कसा होता तेही सांगितलं. ‘म्हणालो ते मीच’ यातून सालदाराचा ताठपणा कळला. म्हणजे नाकारता नाकारता माणूस भरत जातो. कारण न देता ‘राग नव्हे, दुःख नव्हे, हक्क नव्हे’ एवढंच लिहिलं तर ही ओळ कोणत्याही माणसाला लावता येईल, आणि कोणालाही लागणारी ओळ कोणाचंच वर्णन करत नाही.

क्रमही बदलून चालणार नाही. सगळ्यात लांबचा संशय आधी, सगळ्यात जवळचा शेवटी. राग खोडणं सोपं होतं. हक्क खोडताना सालदाराची जीभ जड होते, कारण वर्षभर त्या जोडीला चारा-पाणी त्यानंच केलं, वखराला त्यानंच जुंपलं. तो नकार खरा आहे, पण पुरता पटत नाही. त्या न पटण्यातच भावनेची कड दिसू लागते. हाच नकार पहिला ठेवला तर मागचे दोन पोकळ वाटतील. आणि तिसऱ्या नकारापर्यंत वाचकाला ठेका पाठ झालेला असतो, म्हणून चौथ्या वेळी वाक्याचा साचा मोडायचा. वरती भावना सोडून हात आलाय, आणि ‘नव्हे’ भावनेच्या नावाला न लागता कृतीला लागलंय.

आता अपन्हुतीची सवय इथे कशी घात करते ते पाहा. अपन्हुती शिकलेल्या हाताला नकारानंतर ‘ही तर...च’ लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. मग तो शेवटी जोडतो, ‘ही तर माया मुक्या जिवांची.’ झालं, कवितेचं कोडं झालं, उत्तर सांगितलं की संपलं. शिवाय ‘माया’ एवढ्यावरच भागणार होतं तर सहा ओळींचा आटापिटा कशाला केला? अपन्हुतीत ती जागा भरावीच लागते, नाहीतर अलंकार अर्धा राहतो. इथे ती मोकळी ठेवावी लागते. मात्र मोकळी म्हणजे धूसर नव्हे. तिन्ही नकार वाचल्यावर दोन वाचकांना साधारण एकच गोष्ट जाणवली पाहिजे. एकाला सुटका वाटली आणि दुसऱ्याला सूड, तर नकार कमी पडलेत, एखादा संशय खोडायचा राहिलाय. तो शोधून तेवढीच ओळ घाला.

‘नेति नेति’ची साक्ष इथे काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बृहदारण्यकात ते ब्रह्माबद्दल आहे, ज्याच्यावर कुठलंच वर्णन टिकत नाही. सालदारावर पुष्कळ वर्णनं टिकतात, फक्त लोकांनी चुकीची लावलेली असतात.

तसंच ‘घरात पीठ नाही, अंगावर सोनं नाही’ ही यादीसुद्धा या पद्धतीत बसत नाही. ती गरिबीची सरळ माहिती आहे, फक्त क्रियापद नकारी. ‘तिच्याकडे काय नाही’ आणि ‘ती काय नव्हे’ हे प्रश्न वेगळे आहेत.

आणि ही पद्धत प्रत्येक भावनेला चालत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत निघालेल्या पोराचा आनंद कोणी राग समजत नाही, दुःख समजत नाही. तिथे खोडायला संशयच नाही. त्यामुळे तो आनंद सरळ लिहावा, बैलाच्या चाकांचा आवाज आणि हातातली दोरी धरून.