डीआरपीच्या डायरीतून लॉगबुक भरताना सुपरव्हिजन अन् कॉम्पिटन्सी वेगळी कशी लिहायची

विदर्भातल्या जिल्हा रुग्णालयात तीन महिने डीआरपीला, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रामला, गेलेले अॅनेस्थेशियाचे रेसिडेंट डायरीत 'सेक्शन, स्पायनल' एवढंच लिहून राहिले अन् परत आल्यावर लॉगबुकात सगळीकडे 'स्वतंत्रपणे केलं' टाकतात, अन् तिथंच गाईड अडवतात.

लॉगबुक प्रत्येक पीजीला भरावंच लागते. एनएमसीच्या 2023 च्या नियमाप्रमाणे ई-लॉगबुक दर आठवड्याला अपडेट करायचं अन् गाईडनं दर महिन्याला तपासून प्रमाणित करायचं. डीआरपीचं कामही त्यातच येते, म्हणून पोस्टिंग ऑर्डर, डायरी अन् प्रत्येक केसचा ओटी रजिस्टर नंबर जवळ ठेवा, पेशंटचं नाव मात्र कुठंच लिहू नका.

आता एक नोंद घ्या: 'सेक्शन, बसवून, एल3-4, 25 नंबर क्विंके, पहिल्यांदा हाडाला लागली, सरांनी दिशा सांगितली, दुसऱ्यांदा सीएसएफ आलं, हेवी बुपिवाकेन 2 एमएल, ब्लॉक टी4, बीपी 84, मेफेंटरमिन 6 एमजी मी दिलं.' यात सर टेबलाजवळच उभे होते, म्हणून सुपरव्हिजनच्या रकान्यात प्रत्यक्ष देखरेख, म्हणजे पाच पायऱ्यांच्या मापात लेव्हल 2 (1 म्हणजे फक्त बघितलं, 3 म्हणजे सीनियर बाहेर पण हाक मारली की येतील, 4 म्हणजे एकट्यानं, 5 म्हणजे ज्युनियरला शिकवलं). सुई तुमच्या हातात होती म्हणून ते 4 होत नाही, सीनियर कुठं होते त्यावरून लेव्हल ठरते.

कॉम्पिटन्सी मात्र एका शब्दात भरू नका, स्किलप्रमाणे तोडा. सुई टाकणं: मार्गदर्शन लागलं, पुन्हा करायचं. ब्लॉकची लेव्हल तपासणं: न सांगता जमलं. बीपी सांभाळणं: स्वतः ओळखून औषध दिलं, समाधानकारक. एकाच केसमध्ये एक स्किल कच्चं अन् दोन पक्के, हे तिथं दिसलं पाहिजे, नाहीतर वीस स्पायनल झाले तरी पुढं काय शिकवायचं ते गाईडला कळत नाही. हा शेरा तुम्ही फक्त सुचवायचा, ठरवायचा तो बघणाऱ्या सीनियरनं, जमलं तर त्याच वेळी डॉप्सचा, म्हणजे प्रोसिजर समोर बघून शेरा द्यायचा, फॉर्म भरून घ्या.

काहून एवढं सांगतो, तर ओटी रजिस्टरमध्ये अॅनेस्थेटिस्ट म्हणून सरांचं नाव अन् तुमच्या लॉगबुकात लेव्हल 4, हे एकाच तारखेला समोरासमोर आलं तर बाकीच्या खऱ्या नोंदींवरही शंका येते. तुमच्या कॉलेजचे कोड वेगळे असतील तर तेच वापरा, अन् त्यांचा अर्थ पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सही त्याच दिवशी घ्या, कारण छोट्या ठिकाणी अॅनेस्थेटिस्ट बरेचदा ऑन कॉल येतात अन् केस झाली की निघून जातात, मग महिन्यानंतर त्यांना गाठणं लय अवघड जाते. डीआरपी संपताना कोऑर्डिनेटरचं सर्टिफिकेट घेऊनच निघा.