दर चुकीचा लागला तर काय करायचे?
सांगलीच्या आमच्या पेढीकडून हळद घेणाऱ्या ग्राहकांसाठी आणि ती पुढे विकणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून वेबसाइटवर किंवा व्हॉट्सअॅपवर हळद मागवणाऱ्यांत घरगुती ग्राहक आहेत, तसे गावोगावचे किराणा दुकानदार आणि बचत गटही आहेत. ते आमची हळद घेऊन आपापल्या कॅटलॉगवर विकतात. म्हणजे एकच माणूस आमचा ग्राहक असतो आणि दुसऱ्याचा विक्रेता असतो. म्हणून हे पत्रक दोन्ही बाजूंसाठी आहे.

दरातली चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. एका पानावर १०० ग्रॅमची पुडी, अर्धा किलोचे पाकीट आणि एक किलोचे पाकीट अशा तीन ओळी असतात. दर बदलताना वरच्या ओळीचा आकडा खालच्या ओळीत जातो, किंवा एखादे शून्य गळते. समजा, पुडीचा दर ३८ रुपये आहे आणि किलोच्या पाकिटाचा ३४०. सकाळी नवे दर चढवताना किलोच्या ओळीतही ३८ पडले. दुपारी मिरजेच्या एका ताईंनी किलोची पाच पाकिटे मागवली. १९० रुपये मालाचे आणि ८० कुरिअरचे, असे २७० रुपये यूपीआयने भरले. खरा हिशोब १,७८० रुपयांचा होता. आता ताईंचा हक्क काय, आणि विक्रेत्याची जबाबदारी काय?

सौदा नेमका कधी पक्का होतो

दुकानात मांडलेला माल आणि त्यावरचा दर हे कायद्याच्या भाषेत गिऱ्हाइकाला दिलेले आमंत्रण असते. ‘या दराने मला द्या’ हा प्रस्ताव गिऱ्हाईक मांडते आणि विक्रेता तो स्वीकारतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि आजही आपण त्याच चौकटीत आहोत. वेबसाइटवरचे पानही साधारण याच नजरेने पाहिले जाते. त्यामुळे नुसते पानावर ३८ दिसले म्हणून ३८ला देणे भाग आहे, असे होत नाही.

पण विक्रेत्याने होकार दिला की गोष्ट बदलते. आणि होकार कशाला म्हणायचे, हे मेसेजमधल्या शब्दांवर ठरते. ‘तुमची ऑर्डर मिळाली, तपासून कळवतो’ ही नुसती पोच झाली. ‘तुमची ऑर्डर स्वीकारली आहे, उद्या निघेल’ हा होकार झाला, मग तो मेसेज मशीनने आपोआप पाठवलेला असला तरी. आमच्या वेबसाइटवरून पैसे भरताच जो मेसेज जातो, तो पोच देणारा असतो. ऑर्डर स्वीकारल्याचा मेसेज माणसाने दर आणि वजन पाहिल्यावरच जातो. बचत गटांनी हे विशेष ध्यानात ठेवावे: व्हॉट्सअॅपवर कोणी ‘किलो ३८ ना? पाच द्या’ असे विचारले आणि तुम्ही गडबडीत ‘हो, पाठवते’ लिहिले, तर तो तुमचा होकार आहे.

होकार गेल्यावर ‘आमची चूक झाली’ एवढे म्हणून सुटका होत नाही. करार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे केवळ एका पक्षाचा गैरसमज झाला, एवढ्याच कारणावरून करार मोडता येत नाही. ही तरतूद विक्रेत्याला जड वाटते, पण ती रास्त आहे. दर नीट लावणे हे विक्रेत्याचे काम आहे. त्याच्या प्रत्येक चुकीचा भुर्दंड गिऱ्हाइकाने सोसायचा ठरला, तर छापलेल्या दरावर कोणी विश्वासच ठेवणार नाही.

चूक दिसण्यासारखी होती का

खरा प्रश्न इथे येतो. समोरच्याला चूक कळत होती आणि तरी त्याने ती साधली, तर न्यायालये वेगळा विचार करतात. सिंगापूरमधला एक खटला या बाबतीत जगभर सांगितला जातो. २००३ च्या जानेवारीत तिथल्या एका ऑनलाइन दुकानावर ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला लागला. सहा मित्रांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. सर्वांना ऑर्डर पक्की झाल्याचे आपोआप मेसेजही गेले. दुकानाने माल द्यायला नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेले. रात्री त्यांनी एकमेकांना काय लिहिले आणि प्रिंटरचा खरा दर इंटरनेटवर कसा शोधला, हे सगळे पुराव्यात आले. दर चुकीचा आहे हे त्यांना माहीत होते, म्हणून करारच झाला नाही, असा निकाल २००४ मध्ये लागला आणि २००५ मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम केला. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. पण कोर्ट काय पाहते, ते त्यातून कळते: दर किती वेडावाकडा होता, माल किती मागवला आणि मागवणाऱ्याला काय ठाऊक होते.

आमच्या उदाहरणात त्याच पानावर १०० ग्रॅमची पुडीही ३८ला आहे. दहापट माल त्याच दरात मिळत असेल तर ते कोणाच्याही लक्षात यावे. सांगलीच्या माणसाला तर वाळलेले हळकुंड काय भावाने जाते हेही माहीत असते. ही उघड चूक झाली. याउलट ३४०च्या जागी ३१० लागले असते, तर ते गिऱ्हाइकाला कसे कळावे? सणाची सवलत असेल, असेच कोणालाही वाटेल. म्हणून आमचा नियम असा आहे: जी चूक गिऱ्हाइकाला दिसण्यासारखी नव्हती, ती पूर्णपणे आमची. ३१०ला मागवलेली ऑर्डर आम्ही ३१०लाच देतो. मग ती एका पाकिटाची असो वा एखाद्या केटररची चाळीस किलोची असो. चाळीस किलोला १,२०० रुपये सुटतात, ते आम्ही सोडतो.

मधल्या दरांचा निकाल अवघड असतो. दिवाळीत आम्हीच ‘अर्ध्या किमतीत’ अशी जाहिरात केली आणि पानावर १७०च्या जागी १५० लागले, तर संशयाचा फायदा गिऱ्हाइकाला. जाहिरातीतच जो दर छापला, तो तर पाळलाच पाहिजे. द्यायचा विचार नसताना स्वस्त दराची जाहिरात करणे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा ठरते. एखाद्या दुकानाची अशी ‘चूक’ दर सणाला होत असेल, तर ती चूक समजू नये.

चूक लक्षात आल्यावर विक्रेत्याने काय करावे

आधी त्या वस्तूची विक्री थांबवा. दर बदलणे नंतर. बदलण्याच्या घाईत दुसरा आकडा चुकतो आणि मधल्या वेळात आणखी ऑर्डरी येतात. चुकीच्या पानाचा फोटो, चूक केव्हा लागली आणि केव्हा काढली, याची नोंद ठेवा. पॅक झालेला माल कुरिअरकडे जाण्याआधी अडवा.

मग त्याच दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला खरे कारण कळवा. इथे बरेच विक्रेते ‘माल संपला’ असे सांगून मोकळे होतात. हे करू नका. संध्याकाळी तोच माल ३४०ला विकायला दिसला की गिऱ्हाइकाला खोटे कळते, आणि पुढे तक्रार झाली तर तोच मेसेज तुमच्या विरोधात उभा राहतो. आम्ही साधारण असे लिहितो: ‘एक किलो हळदीवर १०० ग्रॅमचा दर लागला होता. खरा दर ३४० आहे. तुमचे २७० रुपये आज परत पाठवत आहोत. ३४० दराने माल हवा असल्यास कळवा, नको असल्यास काही करू नका.’

यातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. गिऱ्हाईक गप्प राहिले म्हणून फरकाची रक्कम मागणे, किंवा त्याला न विचारता पाचऐवजी एकच पाकीट पाठवणे चुकीचे आहे. पैसे पूर्ण परत करायचे, कुरिअरच्या ८० रुपयांसह. पेमेंटचे शुल्क कापून घ्यायचे नाही. बिल तयार झाले असेल तर ते फाडून किंवा पुसून चालत नाही, जीएसटीच्या नियमाने क्रेडिट नोट काढावी लागते. माल पोहोचल्यावर चूक उघडकीस आली, तर घरगुती ग्राहकाकडे आम्ही फरक मागत नाही.

दर चढा लागला तरी हिशोब तोच. पाकिटावर एमआरपी ४०० छापलेली असताना ४३० घेतले गेले, तर ते मुळातच बेकायदेशीर आहे. आणि ३४०च्या जागी ३८० घेतले गेले, तर एमआरपीच्या आत असूनही वरचे ४० आम्ही स्वतःहून परत पाठवतो.

ग्राहकाने काय करावे

दर फारच कमी दिसला तर पैसे भरण्याआधी एक फोन करा. दर ग्रॅमला किती पडतो ते पाहा. पाकिटावर एमआरपीबरोबर एकक विक्री मूल्य, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापलेला असतो, त्यावरून चूक लगेच लक्षात येते. ऑर्डर केली असेल तर वजन, दर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि आलेले सगळे मेसेज जपून ठेवा. विक्रेत्याचा पक्का होकार येईपर्यंत तो माल पुढे कोणाला कबूल करू नका. लग्नाच्या किंवा भंडाऱ्याच्या कामासाठी मागवला असेल तर हे आवर्जून पाळा.

पैसे परत येताना ते ज्या खात्यातून गेले तिथेच येतात. त्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही की क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. ‘चुकीच्या दराचा रिफंड द्यायचा आहे, पिन टाका’ असा फोन आला तर तो आमचा नाही, लगेच बंद करा.

आमचे म्हणणे पटले नाही तर लेखी तक्रार द्या. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवे. तेवढ्यात समाधान झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असला तरी स्वतः राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.