"काम करायला आवडेल, पण अटी कळवा" : कोलॅबच्या सावध उत्तरामागची पार्श्वभूमी

येवल्यातील एखाद्या पैठणी विक्रेत्याला इन्स्टाग्रामवरील इन्फ्लुएन्सरकडून कोलॅबचा, म्हणजे मोबदला घेऊन प्रसिद्धी करण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा जाणता विक्रेता साधारण असे उत्तर देतो : "आपल्यासोबत काम करायला आवडेल. बार्टर अपेक्षित आहे की मानधन, किती रील आणि स्टोरी देणार, पोस्टवर जाहिरात असल्याचा उल्लेख असेल का आणि तो व्हिडिओ आम्हाला आमच्या जाहिरातीत वापरता येईल का, ते कळवावे. त्यानंतर पक्के करू." हे उत्तर काहींना कोरडे वाटते. पण त्यातील प्रश्न विक्रेत्याच्या संशयी स्वभावातून आलेले नाहीत. गेल्या काही वर्षांत बदललेले कर आणि जाहिरातीचे नियम, तसेच त्याहून बरेच जुने दोन कायदे त्यांच्यामागे आहेत.

सर्वांत जुना धागा "त्यानंतर पक्के करू" या शब्दांचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा असून, त्याच्या कलम ७ नुसार प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. म्हणजे "आवडेल, पण अटी कळवा" असे लिहिल्याने करार होत नाही, बोलणी तेवढी सुरू होतात. उलट, प्रस्तावात साडी, रील आणि तारीख स्पष्ट असताना "चालेल, पत्ता पाठवा" असे लिहिले, तर तो स्वीकार ठरू शकतो. त्याहून नकळत घडणारी गोष्ट कलम ८ मध्ये आहे : प्रस्तावातील अट प्रत्यक्ष पार पाडणे हाही स्वीकारच असतो. अटींबद्दल काहीच न बोलता साडी कुरिअरने रवाना केली, तर समोरच्याने लिहिलेल्या अटी मान्य केल्यासारखेच होते. हे सारे केवळ मेसेजमधून झाले म्हणून कच्चे ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात नंतर घातलेल्या कलम १०-अ ने इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेल्या करारांना मान्यता दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या खटल्यात, औपचारिक दस्तऐवजावर सह्या होण्याआधीच ईमेलच्या देवाणघेवाणीतून करार पूर्ण झाल्याचे मानले.

बार्टर, म्हणजे वस्तूच्या बदल्यात प्रसिद्धी, की मानधन, हा प्रश्न मात्र अलीकडचा. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने येथे रील्स सुरू केले. टाळेबंदीमुळे दुकानदार ऑनलाइन विक्रीकडे वळत होते आणि छोटे व्हिडिओ करणारे नवा मंच शोधत होते, त्यामुळे दोघांचीही सोय वस्तूच्या बदल्यात व्हिडिओ या व्यवहारात झाली. पैसे हातचे जात नसल्याने विक्रेत्याला तो फुकटासारखा वाटे, आणि त्याची नोंदही कुठे होत नसे.

ही नोंद न होण्याची स्थिती १ जुलै २०२२ पासून बदलली. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम १९४-आर आणले : व्यवसायाच्या ओघात एखाद्याला दिलेल्या लाभाचे मूल्य आर्थिक वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त झाले, तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापायचा कर, भरला जाईल हे पाहायचे. जूनमध्ये निघालेल्या परिपत्रकात समाजमाध्यमांवरील प्रसिद्धीचा थेट उल्लेख होता. प्रसिद्धीनंतर वस्तू परत केली तर लाभ नाही, स्वतःकडे ठेवली तर तो लाभ.

आपल्या विक्रेत्याने विणकराकडून २४,००० रुपयांना घेतलेली पैठणी एका रीलच्या बदल्यात कायमची दिली, असे समजा. वस्तू विकत घेतलेली असल्याने मूल्य खरेदीच्या किमतीवर, म्हणजे २४,००० रुपयेच धरले जाते. त्यावरचा कर २,४०० रुपये. साडीतून रोख कापता येत नाही, म्हणून तो कर भरला गेल्याची खात्री साडी हाती देण्याआधी करून घ्यावी लागते. बारा-बारा हजारांच्या दोन साड्या एकाच वर्षात एकाच व्यक्तीला दिल्या, तरी हिशेब तोच. विक्रेता वैयक्तिक व्यावसायिक असून त्याची आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीपर्यंतच असेल, तर टीडीएसची ही जबाबदारी त्याच्यावर येत नाही. इन्फ्लुएन्सरचे उत्पन्न मात्र करपात्रच राहते, आणि बहुतेक गैरसमज इथेच होतात : साडी मिळाली म्हणजे काहीच मिळाले नाही, असे दोघेही धरून चालतात. म्हणूनच साडी ठेवायची की चित्रीकरणानंतर परत करायची, हे पहिल्याच उत्तरात विचारणे शहाणपणाचे.

बार्टरमधील दुसरी अडचण कायद्याची नसून क्रमाची आहे. साडी आधी जाते आणि रील नंतर येते, त्यामुळे सगळी जोखीम विक्रेत्याकडे राहते. मानधन ठरले असेल तर निम्मे आधी आणि निम्मे पोस्ट प्रसिद्ध झाल्यावर, असा तोडगा काढता येतो. साडीचे मात्र दोन भाग करता येत नाहीत. मग प्रसिद्धीची तारीख, रील किती दिवस खाली काढायची नाही आणि पोहोच दाखवणाऱ्या इनसाइट्सचा स्क्रीनशॉट कधी मिळेल, हे लिहून घेण्याखेरीज विक्रेत्याच्या हाती फारसे उरत नाही. आगाऊ रक्कम भलत्याच नावाच्या यूपीआय आयडीवर मागितली गेली, तर ते खाते खऱ्या इन्फ्लुएन्सरचे आहे का, हे आधी पाहिलेले बरे. नावाजलेल्या खात्याचे चित्र आणि वर्णन उचलून बनावट खाते उघडणे अवघड नसते.

जाहिरातीच्या उल्लेखाचा प्रश्न मुंबईतून आला. जाहिरात क्षेत्राने १९८५ मध्ये स्थापन केलेल्या एएससीआय या स्वयंनियमन संस्थेने इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली मे २०२१ मध्ये जाहीर केली आणि ती १४ जूनपासून लागू झाली. फुकट मिळालेली वस्तू, सवलत किंवा प्रवास हाही आर्थिक संबंधच मानला गेला, त्यामुळे "पैसे घेतलेच नाहीत" हा बचाव उरला नाही. उल्लेख किती वेळ दिसावा, हेही त्या नियमावलीत होते : १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान ३ सेकंद, त्याहून मोठा पण दोन मिनिटांच्या आतला असेल तर एक तृतीयांश वेळ. पैठणीची रील ४५ सेकंदांची असेल, तर १५ सेकंद. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने याच स्वरूपाच्या सूचना काढल्या आणि उल्लेख जाहिरातीच्याच भाषेत असावा असे सांगितले. मराठी रीलवर "जाहिरात" असा साधा शब्द त्यामुळे योग्यच. फसव्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, तो उत्पादक आणि शिफारस करणारा या दोघांवरही येऊ शकतो. यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून दाखवली गेली, तर दोघेही अडचणीत येतील.

व्हिडिओ वापरण्याचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि माझ्या मते वाद झाला तर तोच सर्वांत गुंतागुंतीचा ठरेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून फिल्म बनवली गेली, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक सांगणारा असतो. पण कोलॅबमध्ये प्रस्तावच इन्फ्लुएन्सरकडून आलेला असतो. मग रील नक्की कोणाच्या सांगण्यावरून झाली, यावर दोन्ही बाजूंना बोलता येते. हक्क लेखी लिहून घेतले पण मुदत घातली नाही, तर कलम १९ नुसार ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच धरले जाते. परदेशातील मराठी ग्राहकांना तीच रील पैसे देऊन दाखवायची असेल, तर परवानगीत मुदतीसोबत देशांचाही उल्लेख आधीच करून घ्यावा लागतो.